लॉक-इन संपले, नोटीस दिली, केबिन सोडली. आता अनामत परत करा

नाशिक, 3 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. संचालक मंडळ,
महात्मानगर परिसरातील को-वर्किंग केंद्र चालवणारी कंपनी, नाशिक

विषय : ठरलेला लॉक-इन कालावधी पूर्ण झाल्यानंतर अडवून ठेवलेली अनामत रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या केंद्रातील चार आसनांची केबिन मी 1 मे 2024 पासून 31 जुलै 2025 पर्यंत वापरली. अंबड आणि सातपूरच्या लहान कारखान्यांसाठी जिग, फिक्स्चर आणि डाय यांची ड्रॉइंग्ज तयार करण्याचा माझा व्यवसाय आहे. केबिन घेताना मी 78,000 रुपये अनामत भरली होती. ती करारानुसार 14 सप्टेंबरपर्यंत परत मिळायला हवी होती. मात्र ती मिळणार नाही, असे आपल्या कार्यालयाने ऑक्टोबरमध्ये लेखी कळवले. त्या नकाराला दिलेले हे उत्तर आहे. कंपनीचे नाव घातलेली आणि सही केलेली प्रत स्पीड पोस्टाने आपल्याकडे वेगळी पाठवली आहे. इथे नाव मुद्दाम वगळले आहे, कारण मला बदनामी करायची नाही, पैसे परत हवे आहेत. तरीही पत्र खुले ठेवले, कारण असाच छापील करार आपल्या इमारतीतील आणि शहरातील अनेकांनी सही करून दिलेला असणार आणि त्यांपैकी कित्येकांचे लॉक-इन संपलेले किंवा संपत आलेले असेल.

आधी व्यवहार मांडतो. दर आसनी 6,500 रुपये, म्हणजे महिन्याला 26,000 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे एकूण 30,680 रुपये मी दरमहा भरत होतो. अनामत तीन महिन्यांच्या मूळ शुल्काइतकी होती. कराराची मुदत अकरा महिने आणि लॉक-इनही तेवढाच, म्हणजे 31 मार्च 2025 पर्यंत. त्या काळात मी सोडून गेलो असतो तर उरलेल्या महिन्यांचे शुल्क द्यावे लागले असते. ते मला मान्य होते आणि आजही त्याबद्दल तक्रार नाही. नव्या सदस्यासाठी आपण पार्टिशन घालता, वायरिंग बदलता, मध्यस्थाला दलाली देता, आणि हा खर्च वसूल होईपर्यंत सदस्याने थांबावे, ही अपेक्षा रास्त आहे. लॉक-इनचे एवढेच प्रयोजन असते आणि ते अकरा महिन्यांत पूर्ण झाले. एकाही महिन्याचे शुल्क थकले नाही, हे आपल्याच खातेउताऱ्यावरून दिसते.

मुदत संपल्यावर पुढे काय, हे करारातील कलम सांगते. दोन्ही बाजूंपैकी कोणीही तीस दिवस आधी नको असे कळवले नाही, तर करार त्याच अटींवर आणि त्या वेळच्या प्रचलित दराने महिन्यामागून महिना चालू राहील, असा त्याचा आशय आहे. आम्ही एप्रिल, मे, जून तसेच राहिलो. 28 जून रोजी मी ईमेलने एक महिन्याची लेखी नोटीस दिली. 30 जूनला आपल्या केंद्र व्यवस्थापकांनी नोटीस मिळाल्याचे, शेवटचा दिवस 31 जुलै असल्याचे आणि अनामतीचा हिशेब लेखा विभागाकडे पाठवल्याचे उत्तर दिले. त्या उत्तरात लॉक-इनचा एका शब्दानेही उल्लेख नाही. जुलैचे पूर्ण शुल्क भरून, चारही ॲक्सेस कार्डे आणि कपाटाच्या किल्ल्या परत करून, आपल्या माणसाच्या सहीचे हस्तांतर पत्रक घेऊन आम्ही बाहेर पडलो.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आलेल्या आपल्या पत्रात असे म्हटले आहे की, करार त्याच अटींवर पुढे चालू राहिला, लॉक-इन हीसुद्धा एक अटच आहे, म्हणून 1 एप्रिल 2025 पासून अकरा महिन्यांचा नवा लॉक-इन आपोआप सुरू झाला आणि तो 28 फेब्रुवारी 2026 पर्यंत चालणार होता. मी सात महिने आधी सोडल्यामुळे माझ्याकडे 1,93,200 रुपये निघतात, परंतु कंपनी सद्भावनेने केवळ अनामत ठेवून घेऊन उरलेली रक्कम माफ करत आहे. म्हणजे आपले देणे न देता वर माझ्यावर उपकार केल्याचीही नोंद आपण करून ठेवली आहे. हा युक्तिवाद वरवर नीटनेटका दिसतो. एखाद्या नव्या सदस्याला तो पटेलही, म्हणून तो तपासून पाहतो.

पहिली गोष्ट म्हणजे लॉक-इनच्या कलमातील शब्द. तिथे करार सुरू झाल्याच्या तारखेपासूनचे पहिले अकरा महिने असे लिहिलेले आहे, आणि सुरू झाल्याची तारीख कराराच्या पहिल्याच पानावर 1 मे 2024 अशी भरलेली आहे. पहिले अकरा महिने एकदाच येतात. बारावा महिना पहिल्या अकरांत कसा बसवायचा, हे मला तरी उलगडलेले नाही. त्याच अटी चालू राहिल्या असे धरले, तर हीच अट तिच्या याच शब्दांसह चालू राहिली. आणि या शब्दांप्रमाणे तिचे काम 31 मार्चला संपले होते. शिवाय महिन्यामागून महिना चालणारा करार आणि अकरा महिने सोडता न येणारा करार या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आपल्या अर्थाने वाचायचे तर महिन्यामागून महिना हे शब्द कलमातून पुसून टाकावे लागतील. मसुदा आपण तयार केला, त्यात एक शब्दही बदलायची मुभा मला नव्हती. अशा छापील करारात संदिग्धता उरलीच, तर ती मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध वाचावी, हे तत्त्व आपल्या वकिलांना ठाऊक असेल. माझ्या मते मात्र इथे संदिग्धताच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागण्याची आहे आणि मला ती शब्दांपेक्षाही महत्त्वाची वाटते. एप्रिल 2025 च्या इनव्हॉइसमध्ये दर आसनी शुल्क 6,900 रुपये झाले. महिन्याचे 26,000 होते ते 27,600 झाले आणि जीएसटी धरून 32,568. मी विचारणा केली तेव्हा मुदत संपली असून आता प्रचलित दर लागू आहे, असे लेखी उत्तर मिळाले. ते मी मान्य केले आणि वाढीव दराने चारही महिने पैसे भरले. सदस्याने बांधून राहायचे आणि त्याच्या बदल्यात कंपनीने दर बांधून ठेवायचा, अशी लॉक-इनची देवघेव असते. आपल्याला दर वाढवायला मोकळीक होती, कारण मुदत संपली होती. आणि मुदत संपली होती, म्हणून मलाही जायला मोकळीक होती. दरासाठी मुदत संपलेली आणि माझ्यासाठी मात्र चालू, असे एकाच तारखेबद्दल म्हणता येणार नाही.

आणखी असे की, नवा लॉक-इन खरोखर सुरू झाला असता तर त्याच्या खुणा कुठेतरी उमटल्या असत्या. करारानुसार अनामत तीन महिन्यांच्या शुल्काइतकी असावी लागते. वाढीव दराने ती 82,800 होते, पण वरचे 4,800 रुपये आपण कधी मागितले नाहीत. नव्या मुदतीचे पत्र नाही, पुरवणी करार नाही, केबिनवर नवा खर्च नाही. उलट एप्रिलमध्येच आपल्या लेखा विभागाने 31 मार्च 2025 ची शिल्लक कळवून माझ्याकडून दुजोरा मागितला होता, आणि त्यात 78,000 रुपये परत करावयाची अनामत म्हणून स्पष्ट दाखवले होते. तो कागद आपल्या लेखापरीक्षकांसाठी होता हे मला माहीत आहे, पण त्यावर सही आपल्याच कंपनीची आहे.

आता क्षणभर वादासाठी असे धरू की नवा लॉक-इन होता आणि मी तो मोडला. तरीसुद्धा अनामत आपोआप आपली होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारभंगासाठी करारात रक्कम लिहून ठेवलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण होते. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरवण्याच्या कंत्राटात ठेकेदाराने पुरवठा चुकवला आणि सरकारने त्याची सुरक्षा अनामत जप्त केली. तिथे करारभंग झाला होता, याबद्दल वाद नव्हता. तरीही ज्या नुकसानीची पैशांत मोजदाद करता येते, ती सिद्ध केल्याशिवाय अनामत गिळता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हाच विचार अधिक स्पष्ट झाला. प्राधिकरणाने बोलीदाराची इसाऱ्याची रक्कम जप्त केली आणि तोच भूखंड नंतर कितीतरी जास्त किमतीला विकला. ज्याचे नुकसानच झाले नाही त्याला भरपाई कशाची, म्हणून रक्कम परत करण्याचा आदेश झाला. योगायोगाने त्या इसाऱ्याचा आकडाही 78 च होता, फक्त तो लाखांत होता.

मग आपले नुकसान किती झाले? तळमजल्यावरील नामफलकावर आमच्या केबिनच्या क्रमांकासमोर 11 ऑगस्ट रोजी दुसऱ्या संस्थेचे नाव लागले. त्या दिवशीचे छायाचित्र पाठवलेल्या प्रतीसोबत आहे. केबिन 1 ते 10 ऑगस्ट असे दहा दिवस रिकामी होती. 27,600 रुपयांच्या हिशेबाने दहा दिवसांचे सुमारे 8,900 रुपये होतात. माझी नोटीस वैध असल्यामुळे हेही मी देणे लागत नाही. पण आपलाच युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, तरी तो सात महिन्यांवर पोहोचत नाही, दहा दिवसांवर थांबतो. ऑगस्टपासून त्याच चार खुर्च्यांचे शुल्क आपण नव्या सदस्याकडून घेत आहात आणि त्याच खुर्च्यांसाठी माझी अनामतही ठेवून घेत आहात.

इथे जीएसटीचाही एक प्रश्न येतो. आपल्या लेखा विभागाने तो विचारात घेतलेला दिसत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, 2017 च्या कलम 2(31) मधील परंतुकानुसार सेवेसाठी दिलेली अनामत ही तिचा मोबदला ठरत नाही. सेवा देणाऱ्याने ती मोबदल्यात वळती केली तरच ती मोबदला होते. म्हणूनच 2024 मध्ये अनामत घेताना आपण तिच्यावर जीएसटी लावला नाही आणि ते योग्यच होते. आता ती रक्कम ऑगस्टपासूनच्या महिन्यांचे शुल्क म्हणून ठेवली असेल, तर तिचे करबिल मला मिळायला हवे होते आणि त्या महिन्यांत केबिन माझ्या ताब्यात असायला हवी होती. यांपैकी काहीही घडलेले नाही. ती शुल्क नसून नुकसानभरपाई आहे असे म्हणायचे असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे नुकसान दाखवा. कोणत्या शीर्षाखाली ही रक्कम आपल्या वह्यांत गेली आहे, ते मला लेखी कळवावे, अशी माझी स्वतंत्र मागणी आहे. बिल नाही, डेबिट नोट नाही, आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आपल्या पत्रानंतर फोनवर इतरही कारणे पुढे आली. त्यांपैकी एक म्हणजे रंगकाम आणि साफसफाईचे 12,000 रुपये. कराराप्रमाणे सर्वसाधारण झीज वगळून झालेली हानीच वसूल करता येते, आणि हस्तांतर पत्रकावर भिंती, टेबले, खुर्च्या व वातानुकूलन यंत्र यांसमोर आपल्याच प्रतिनिधीने ठीक असा शेरा मारून सही केली आहे. पंधरा महिन्यांनी भिंत थोडी मळते, ती झीजच. दुसरा प्रस्ताव असा होता की रोख परतावा न देता तेवढ्या किमतीचे डे-पास आणि मीटिंग रूमचे तास द्यावेत. तो मला मान्य नाही. मी रक्कम बँकेतून भरली होती आणि ती बँकेतच परत हवी आहे. एक वजावट मात्र मी स्वतःहून मान्य करतो. जुलैमध्ये मोफत कोट्यापेक्षा दोन तास जास्त मीटिंग रूम वापरली होती, तिचे 800 रुपये आणि जीएसटीचे 144 मिळून 944 रुपये जुलैच्या बिलात आले नव्हते. ते वजा जाता 77,056 रुपये आपल्याकडून येणे आहे.

विलंबाबद्दलही लिहिणे भाग आहे. अनामत बिनव्याजी असेल असे करारात आहे, परंतु ती सदस्यत्वाच्या काळापुरती बिनव्याजी होती. केबिन सोडल्यापासून 45 दिवसांत ती परत करण्याची तारीख त्याच करारात ठरलेली आहे, आणि लेखी करारानुसार ठरलेल्या तारखेला देय असलेली रक्कम थकली, तर व्याज अधिनियम, 1978 च्या कलम 3 खाली त्या तारखेपासून व्याज देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. म्हणून 15 सप्टेंबर 2025 पासून प्रत्यक्ष परताव्याच्या दिवसापर्यंत बँकांच्या ठेवींवरील चालू दराने मी व्याज मागत आहे. आपण या पत्राच्या मुदतीत मुद्दल परत केलेत, तर व्याजाचा आग्रह मी धरणार नाही.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. मी सध्या तो मार्ग धरलेला नाही, कारण व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा असा आक्षेप आपण पहिल्याच तारखेला घ्याल आणि मूळ प्रश्न बाजूला राहून माझ्या व्यवसायाच्या आकारावर महिनोन्महिने वाद चालेल. ज्याने एकट्याने, पोटापाण्यासाठी, एखादे आसन घेतले असेल त्याची बाजू तिथे कदाचित वेगळी ठरेल. माझे प्रकरण लेखी करार आणि निश्चित रकमेचे आहे. करारात न्यायक्षेत्र नाशिकचेच लिहिले आहे, त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालील संक्षिप्त दाव्याचा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. अशा दाव्यात प्रतिवादीला बचाव करण्याची परवानगी आपोआप मिळत नाही, ती न्यायालयाकडे मागावी लागते आणि बचावात तथ्य असल्याचे दाखवावे लागते. मुदत कायद्याप्रमाणे माझ्याकडे तीन वर्षे आहेत, तेव्हा वेळ काढल्याने हा विषय विरून जाणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत 77,056 रुपये मी ज्या बँक खात्यातून अनामत भरली त्याच खात्यात जमा करावेत. 1,93,200 रुपयांची मागणी लेखी मागे घ्यावी, नुसती माफ केल्याचे कळवू नये. कारण माफी स्वीकारली तर देणे होते असे मान्य केल्यासारखे होते, आणि ते देणे कधी नव्हतेच. यांसोबत अनामतीचा अंतिम खातेउतारा द्यावा. त्याचबरोबर ज्या सदस्यांची मूळ मुदत संपली असून जे वाढीव दराने महिन्यामागून महिना राहत आहेत, त्यांच्यावर लॉक-इन लागू आहे की नाही, हे त्यांना आपण लेखी कळवावे. लागू आहे असे आपले म्हणणे असेल, तर त्यांना ते आज कळू द्या, म्हणजे दरवाढीचे बिल भरण्याआधी ते त्यांचा निर्णय घेऊ शकतील.

मुदतीत रक्कम न आल्यास सोळाव्या दिवशी वकिलांमार्फत नोटीस निघेल आणि त्यानंतर दावा दाखल होईल. त्यात मुद्दल, व्याज आणि खर्च या तिन्हींची मागणी असेल. पाठवलेल्या प्रतीसोबत कराराची पहिली तीन पाने, एप्रिल 2025 चे इनव्हॉइस व दरवाढीबाबतचे उत्तर, 28 आणि 30 जूनचे ईमेल, हस्तांतर पत्रक, 31 मार्चची शिल्लक कळवणारे पत्र आणि नामफलकाचे छायाचित्र जोडले आहे. यांपैकी कोणत्याही कागदाबद्दल आपले म्हणणे वेगळे असेल, तर कोणत्या कागदाबद्दल आणि काय, एवढे नेमके लिहावे.

आपला,
चार आसनांच्या केबिनचा माजी सदस्य,
नाशिक